एण्णेगाईचा हिशेब
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, कलघटगीहून रोज सकाळी हुबळीच्या ऑफिसला जाणारे इथे बरेच बसले आहेत. त्यांच्यासाठीच आजचा विषय.

वजन उतरवायला निघालेला माणूस वाढदिवसाच्या केकला घाबरतो. किलोभर केकचे बारा तुकडे केले, तर एकाचे साधारण तीनशे कॅलरी होतात. वरचं क्रीमचं फूल बाजूला ठेवलं की त्याहून कमी. शिवाय केक डोळ्यांना दिसतो, तेल दिसत नाही.

बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये १६६० कॅलरी धरली. आपण थोड्या जास्त वजनाची, १५०० चं लक्ष्य ठेवलेली एक कारकून बाई धरू. सगळ्या ऑफिसबरोबर ती खानावळीत जेवायला गेली. दोन जोळद रोट्टी, म्हणजे आपल्या भाकरी, २८०. एण्णेगाई ३००, त्यातल्या दोन मोठ्या चमच्यांच्या तेलाचेच २४०. तेल घालून कालवलेली शेंगा चटणी १६०. मोठी वाटी भात २६०, तळलेला पापड ५०. वर कुणीतरी धारवाडी पेढा हातावर ठेवला, त्याचे १००. झाले ११५०! सकाळचा नाश्ता, चहा आणि रात्रीचं हलकं जेवण मिळून ७५० धरा. दिवस १९०० वर गेला.

आता ती रात्री उपाशी झोपते. हे मला पटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी चार वाजता मिरची भजी समोर आली की भूक वसुली करते. त्यापेक्षा आठवड्याचे १०,५०० धरावेत. उरलेल्या सहा दिवसांत रोज सत्तर कमी केले की चारशे भरून निघतात. सत्तर म्हणजे अर्धी भाकरी.

खानावळीतच वाचवायचं असेल, तर वांगं वाटीच्या कडेला टेकवून तेल निथळू द्यावं, चटणी एक चमचा घ्यावी, आणि भात किंवा दुसरी भाकरी, यांतलं एकच. पेढा खुशाल खावा. हुबळी-धारवाडात पेढा नाकारणाऱ्याला ‘काय झालंय?’ याचं उत्तर दिवसभर द्यावं लागतं!

हे सगळे आकडे अंदाजाचे. घरी एकदा भाकरीचं पीठ वजन करून पाहा, चाळीस ग्रॅमवर मी हिशेब केलाय. खानावळीची भाकरी मोठी असेल तर तो बदलेल.

दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेलेला दिसेल. किलोभर चरबीला सुमारे ७७०० कॅलरी जादा लागतात, आपल्या जेवणात चारशेच होत्या. वाढलं ते बहुतेक मिठानं धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न. दोन-तीन दिवसांत उतरतं. रोजच्या वजनाची आठवड्याची सरासरी काढा. ती तीन-चार आठवडे जागची हलली नाही, तर केक मोजायच्या आधी कॅन्टीनच्या भाजीतलं तेल पुन्हा मोजा.