पडद्यावर येण्याआधी थोडंसं : ‘गर्म हवा’

(आमच्या सोसायटीच्या पटांगणात जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी दाखवलेल्या चित्रपटाआधी केलेलं प्रास्ताविक.)



मागच्या सतरंजीवरच्या मंडळींना आवाज येतोय ना? ठीक. आधी कामाचं बोलते. आता सात वाजलेत. चित्रपट 146 मिनिटांचा आहे. सव्वासातला सुरू केला आणि मध्ये दहा मिनिटं चहाला थांबलो, तर दहाला दहा कमी असताना संपेल. दहानंतर स्पीकर लावता येत नाही, म्हणून आज वेळेवर सुरू करणार आहोत. डी विंगच्या जिन्यातला दिवा तेवढा बंद करा, त्याचा उजेड थेट पडद्यावर येतोय. आणि लहान मुलांच्या आईबाबांसाठी एक सूचना. उत्तरार्धात एक प्रसंग मुलांना जड जाईल असा आहे. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना चहानंतर घरी नेलंत तर बरं.

आजचा चित्रपट ‘गर्म हवा’. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू. 1973 साली पूर्ण झाला, सेन्सॉरकडे कित्येक महिने अडकला आणि 1974 मध्ये लोकांसमोर आला. इस्मत चुगताईंची एक अप्रकाशित कथा, तिच्यावर कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेली पटकथा.

गोष्ट आग्र्याची आहे. फाळणी झालीय, गांधीजींचा खून झालाय. सलीम मिर्झा नावाचा बुटांचा कारखानदार आहे. एकेक नातेवाईक पाकिस्तानला निघालाय आणि हा प्रत्येकाला स्टेशनवर सोडून टांग्याने परत येतोय. त्याला जायचं नाही. चित्रपटात भाषणं फार नाहीत. आहे ते एका घराचं आणि एका धंद्याचं काय होतं, हे.

त्यातली एक गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण ती पटकन निघून जाते आणि मग पुढचं कळत नाही. मिर्झा कुटुंबाची मोठी हवेली आहे. राहतात सगळे, पण कागदावर ती मोठ्या भावाच्या, हलीमच्या नावावर आहे. हलीम राजकारणातला माणूस. इथून हलणार नाही असं सभेत ठासून सांगतो आणि मग गुपचूप निघून जातो. त्या काळचा नियम असा, की जो पाकिस्तानला गेला त्याची मालमत्ता कस्टोडियन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात जायची. तिकडून आलेल्या निर्वासितांना त्यातून घरं दिली जायची. 1950 मध्ये त्याचा केंद्रीय कायदाही झाला. आता बघा, गेला तो हलीम. राहिला तो सलीम. पण नाव हलीमचं, म्हणून घर जातं सलीमचं. त्यात कोणी दरोडा घालत नाही, कोणी दार फोडत नाही. एक कागद येतो, बस्स.

आपण सोसायटीत राहणारी माणसं. शेअर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव, नॉमिनी कोण, यावरून घराघरांत काय होतं ते कमिटीतल्या लोकांना विचारा. म्हणून हा भाग आपल्याला समजावून सांगायला नको.

मग सलीम भाड्याचं घर शोधत दारोदार फिरतो. दुसरीकडे कारखान्यासाठी कर्ज मागायला जातो, तर तेही मिळत नाही. कारण काय, तर त्याच्यासारखी काही माणसं कर्ज बुडवून तिकडे गेलीत. त्याने स्वतः एक पैसाही बुडवलेला नाही. पण समोरचा माणूस त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या नावाकडे बघतो.

इथे माझं एक सांगते आणि पुढे जाते. या सोसायटीत येण्याआधी आम्ही पाच महिने भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, बघायला कधी येता विचारायचे. मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की ती जागा कालच गेलेली असायची. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही, सगळे अगदी गोड बोलायचे. त्या दिवसांत मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. सलीम मिर्झाच्या चेहऱ्यावर राग फारसा दिसत नाही, थकवा दिसतो. तो थकवा मला ओळखीचा वाटला.

हे काम बलराज साहनींनी केलंय. ते मूळचे रावळपिंडीचे. म्हणजे ज्याचं स्वतःचं गाव सीमेपलीकडे राहिलं, तो माणूस आपलं गाव न सोडणाऱ्याचं काम करतोय. हवेलीत राहायला येणारे सिंधी गृहस्थ आहेत ए. के. हंगल. तेही फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले. त्यामुळे हवेली घेणाऱ्याला चित्रपटाने खलनायक केलेलं नाही. त्याचंही घर कुठेतरी गेलेलंच आहे. दोघं समोरासमोर येतात तेव्हा नीट बघा.

चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अडीच लाखांच्या कर्जावर सुरू झाला. जागेवर आवाज ध्वनिमुद्रित करायची यंत्रं परवडणारी नव्हती, म्हणून आग्र्याला नुसतं चित्रण केलं आणि आवाज नंतर मुंबईत भरला. आग्र्यात विरोधही झाला. तेव्हा गर्दी दुसरीकडे वळवायला एक खोटं युनिट रिकामा कॅमेरा घेऊन गावात फिरायचं आणि खरं चित्रण भलतीकडे चालायचं. घरातली म्हातारी दादी कामासाठी आग्र्यातच सापडली, बदर बेगम. तिचा आवाज मात्र दीना पाठकांचा आहे. आणि बलराज साहनी आपलं डबिंग संपवून दुसऱ्या दिवशी, 13 एप्रिल 1973 ला, गेले. पूर्ण झालेला चित्रपट त्यांनी पाहिलाच नाही.

भाषा आग्र्याची उर्दू आहे. पहिली दहा मिनिटं काही शब्द अडतील. शेजारी बसलेल्यांना विचारा, कोणी ना कोणी सांगेल. फारूख शेख यांचा हा पहिला चित्रपट. धाकट्या मुलाच्या, सिकंदरच्या कामात ते आहेत. तरुण मुलांनी त्याच्यावर लक्ष ठेवा. शिकलेला आहे, नोकरी मिळत नाही, आणि घरात सगळे विचारतायत की तू कधी निघणार. तो काय ठरवतो ते मी सांगणार नाही.

शेवटचं. पुढच्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा आहे आणि फ्लॅट भाड्याने कोणाला द्यावा, कोणाला देऊ नये, असा एक विषय अजेंड्यावर आहे. मी आज त्यावर बोलणार नाही, ही सभा नाही. ज्यांनी तो विषय मांडलाय तेही इथे बसलेत, आणि खुर्च्या लावायला दुपारपासून तेच माझ्याबरोबर होते. माझं म्हणणं इतकंच, की त्या दिवशी हात वर करण्याआधी आपण सगळ्यांनी हे एक घर एकत्र बसून पाहिलेलं असावं.

चहा मध्यंतरात आहे, आत्ता नाही. डी विंगचा दिवा गेला का? गेला. चला, सुरू करा.