ताळेबंद जुळला, मग घाटा कुठे गेला?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



व्यापाऱ्याचा ताळेबंद दरवर्षी जुळतो. बुडालेल्याचाही जुळतो. यात हातचलाखी नाही. एकाच पैशाची मोजणी तो दोनदा करतो. एका बाजूला पैसा कशात अडकलाय ते, दुसऱ्या बाजूला तो पैसा कोणाचा ते.

आपल्याच घराचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, जमीन बाजूला ठेवली आहे. मृगाआधी एका कास्तकाराकडे बैलजोडी ६०,००० ची आणि रोख १०,०००. देणे कोणाचे नाही, म्हणजे ७०,००० त्याचे स्वतःचे भांडवल. दोन्हीकडे ७०,०००.

आता पीककर्ज घेतले ५०,०००. नियम असा, की जे येते ते नावे, आणि जो देतो तो जमा. रोकड आली, रोकड खाते ५०,००० नावे. बँकेने दिली, बँक कर्ज खाते ५०,००० जमा. (बँकेच्या वहीत हेच कर्ज तुमच्या नावे पडते. वही तिची, म्हणून बाजू उलटी.) दोन्ही बाजू झाल्या १,२०,०००.

कपाशी-ज्वारीला बियाणे, खत, फवारणी मिळून ४०,००० गेले. उभे पीक खाते नावे, रोकड जमा. पैसा खिशातून वावरात गेला एवढेच. बेरीज तीच, १,२०,०००.

मग बोंडअळी आली. सगळा माल विकून हाती पडले २५,०००. वावरात घातलेले ४०,००० उठले, रोकड आली २५,०००. मधले १५,००० कुठे लिहायचे? बँकेच्या खात्यात लिहिता येत नाहीत, तिचे ५०,००० तसेच उभे आहेत, व्याज वेगळेच. ते भांडवल खात्याला नावे पडतात. आता एका बाजूला बैल ६०,००० आणि रोकड ४५,०००, दुसऱ्या बाजूला कर्ज ५०,००० आणि भांडवल ५५,०००. दोन्हीकडे १,०५,०००. ताळेबंद जुळला, कारण उरलेला फरक मालकाच्या अंगावर टाकायचा असेच त्याचे बांधकाम आहे. म्हणून बेरीज जुळली की नाही एवढे पाहून थांबू नका, भांडवलाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. ७०,००० चे ५५,००० झाले, घाटा तिथे बसलाय.

बेरीज जुळलीच नाही तर? फरक ८०० चा असेल तर ४०० ची नोंद शोधा. बहुधा ती जमेऐवजी नावे पडलेली असते. ही चूक वही स्वतःच दाखवते.

वही जी दाखवत नाही ती चूक वाईट. कृषी केंद्रातून ६,००० चे खत उधार आणले आणि लिहिलेच नाही, तर खतही नाही आणि देणेही नाही. दोन्ही बाजू सारख्याच कमी, ताळेबंद गुळगुळीत जुळतो. घरच्या बाईमाणसांनी कापूस वेचला त्याचेही तसेच. मजुरी कुठेच लिहिली नाही, म्हणून कापूस स्वस्तात पिकल्यासारखा दिसतो. उधारीवर एकच उपाय, दुकानदाराच्या पावत्या आणि आपले खाते दर महिन्याला समोरासमोर ठेवून वाचायचे.