ऋणनिर्देशातील एक वाक्य

जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रस्तावनेअखेरीस मुद्रिते तपासून देणाऱ्या स्नेह्याचे आभार मानलेले आढळतात. हस्तलिखितावर कोणाचा हात फिरला हे त्यावरून वाचकाला कळे. आज तो हात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाचा असू शकतो, आणि तो केवळ भाषेवरच फिरला असे लिहिण्यापूर्वी थोडी झडती घ्यावी लागते.

समजा, पेडण्याची एक विद्यार्थिनी डिचोलीच्या खाणपट्ट्यातील विहिरींवर इंग्रजीत शोधनिबंध लिहीत आहे. मुलाखती तिच्या, मोजमापे तिची. इंग्रजी मात्र अडखळते. ती चॅटजीपीटीकडून भाषा सुधारून घेते. तिच्या खर्ड्यातील एका वाक्याचा आशय असा होता: खाण खोल गेल्यानंतर विहीर आटली, असे ग्रामस्थ सांगतात. सुधारलेल्या प्रतीत तो असा उतरला: खाणकामामुळे विहिरी आटल्या. व्याकरण निर्दोष, पण ‘नंतर’चे ‘मुळे’ झाले, एका विहिरीच्या अनेक झाल्या आणि ‘सांगतात’ हा शब्द गळाला. ग्रामस्थांची साक्ष संशोधिकेचा निष्कर्ष बनली. हे वाक्य तसेच राहिले, तर ‘केवळ भाषासंस्कारासाठी’ हे विधान खोटे ठरते, मग तिचा हेतू कितीही निर्मळ असो.

म्हणून मूळ खर्डा जपून ठेवावा आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात. चूक सहसा मोठ्या शब्दांत नसते. ती ‘कदाचित’, ‘काही’, ‘असे दिसते’ यांच्या गळतीत असते. अर्थ बदलला असेल तेथे मूळ वाक्य परत आणावे. एवढे झाल्यावर तिने लिहावे: “या निबंधाच्या प्रस्तावनेचे व चर्चेच्या भागाचे इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटीचा वापर केला. माहितीसंकलन, विश्लेषण व निष्कर्ष यांसाठी तो केलेला नाही. प्रत्येक बदल मूळ खर्ड्याशी ताडून पाहिला असून मजकुराची संपूर्ण जबाबदारी लेखिकेची आहे.” साधनाची आवृत्ती आणि वापराचा महिना जोडावा. आभार मात्र मानू नयेत, आभार माणसांचे.

नियम सर्वत्र सारखे नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 मध्ये अशा साधनास लेखकत्व नाकारले. लेखनसाहाय्याचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा, असे तिच्या शिफारशी सांगतात. याउलट स्प्रिंगर नेचरसारखा प्रकाशक निव्वळ भाषासंस्काराच्या उल्लेखाची सक्ती करीत नाही. सक्ती नसली तरी वरील तीन वाक्यांना जागा फारशी लागत नाही, आणि मार्गदर्शकाला पुढे उलगडा करावा लागत नाही.

याच विद्यार्थिनीने मुलाखतींचा सारांशही यंत्राकडून करून घेतला असता, तर ते काम भाषासंस्कारात मोडले नसते. त्याची नोंद ऋणनिर्देशात नव्हे, अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात करावी लागली असती. आणि मुलाखत देणाऱ्यांनी आपले बोलणे बाहेरच्या यंत्राकडे धाडण्यास संमती दिली होती काय, हेही तिला सांगावे लागले असते.