शेवटातून सुरुवात

मोबाइलवरची छोटी चित्रफीत संपली की बहुधा आपोआप पुन्हा सुरू होते. तो सांधा जाणवू नये म्हणून संहितेचं पहिलं आणि शेवटचं वाक्य आधी लिहा, मधला भाग नंतर.

समजा, पहिलं वाक्य आहे, ‘फोडणीत मोहरी हळदीच्या आधी टाकतात.’ मध्ये कारण सांगा. मोहरी तडतडायला तेल चांगलं तापावं लागतं, हळद मात्र त्यात चटकन करपते. शेवट अर्धाच ठेवा, ‘आणि म्हणूनच...’. तो पहिल्या वाक्यानं पूर्ण होतो.

पहिलं वाक्य मात्र नव्या प्रेक्षकालाही स्वतंत्रपणे कळायला हवं. ‘म्हणूनच’ म्हणताना आवाज खाली उतरू देऊ नका, नंतर ‘धन्यवाद’ही नको. शेवट आणि सुरुवात सलग मोठ्यानं वाचा. अडखळलात, तर शेवटचं वाक्य बदला.