घाऊक मागणी आणि सवलतीचा हिशेब
(कारागीर गटांच्या मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकजण गावातील कारागीर गटांचा पत्रव्यवहार सांभाळतात. म्हणून आज एकाच पत्राविषयी बोलणार आहे. शहरातील व्यापारी मोठी मागणी नोंदवतो आणि त्याबरोबर अधिक सवलत मागतो. त्याला उत्तर काय लिहावे?

कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका गटाचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एका जोडाचा दर ४०० रुपये. ५०० जोडांच्या मागणीवर गट ५ टक्के सवलत देतो, म्हणजे दर ३८० रुपये पडतो. व्यापारी लिहितो, "१५ टक्के सवलत द्या, नाहीतर दुसरीकडे जातो."

उत्तर लिहिण्यापूर्वी खर्च मांडावा. कातडे व इतर माल २२० रुपये, मजुरी ९०, खोके १०, वाहतूक ९, ४५ दिवसांच्या उधारीचे व्याज सुमारे ६ आणि जागाभाडे व दिवाबत्ती ५. एकूण ३४० रुपये. म्हणजे ३८० च्या दरात नफा ४० रुपये. १५ टक्के सवलत दिली तर दर ३४० होतो आणि नफा पूर्ण संपतो. "मधला मार्ग" म्हणून १० टक्के मान्य केले, तरी नफा २० रुपयांवर येतो. पूर्वीइतकी मिळकत व्हायला ५०० ऐवजी १,००० जोड विकावे लागतील. सवलत दरावर मोजली जाते, पण ती जाते नफ्यातून, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग सरळ नकार द्यावा काय? तशी गरज नाही. व्यापाऱ्याने गटाचा खर्च वाचवला, तर त्या बचतीतील मोठा वाटा त्याला देता येतो. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल ताब्यात घेताना दिली, तर व्याजाचे ६ रुपये वाचतात. त्यातील ५ द्यावेत. प्रत्येक जोडाला खोके न देता जोड बांधून पोत्यात भरले, तर ८ रुपये वाचतात, ६ द्यावेत. त्याने स्वतःच्या वाहनाने माल नेला, तर ९ वाचतात, ७ द्यावेत. तिन्ही अटी मान्य झाल्या तर दर ३६२ रुपये होतो. खर्च मात्र ३१७ वर येतो आणि नफा ४० चा ४५ होतो.

पत्र असे असावे : "आपल्या मागणीबद्दल आभारी आहोत. ५०० जोडांसाठी ३८० रुपये हा आमचा दर आहे. पुढील अटींपैकी आपणांस सोयीच्या असतील त्या स्वीकारल्यास दर त्या प्रमाणात कमी करू. निम्मी रक्कम आगाऊ व उरलेली माल घेताना दिल्यास जोडामागे ५ रुपये, खोक्याविना माल घेतल्यास ६ रुपये, माल स्वतः नेल्यास ७ रुपये. हे दर पत्राच्या तारखेपासून १५ दिवस लागू राहतील." पत्रात गयावया नको आणि रागही नको. प्रत्येक सवलतीपुढे तिची अट त्याच वाक्यात यावी. अट सुटली की सवलत फुकट जाते.

एक गोष्ट मात्र देऊ नये, ती म्हणजे मालाचा कस. दर राखण्यासाठी पातळ कातडे वापरले, तर तळ लवकर झिजतो आणि परत आलेला माल नफा खाऊन टाकतो.

फसगत बहुधा दोन ठिकाणी होते. व्यापारी ५०० जोडांचा दर ठरवतो आणि १५० उचलून थांबतो. म्हणून "सवलत प्रत्यक्ष उचललेल्या मालावर, संख्या कमी राहिल्यास फरक बिलात धरला जाईल" असे लिहावे. दुसरे म्हणजे "पुढच्या वेळी मोठी मागणी देईन" हे आश्वासन. त्यावर आज सवलत देऊ नये. वर्षात १,००० जोड पूर्ण झाल्यावर शेवटच्या बिलात वजावट देऊ, असे कळवावे.

उधारीबाबत कायद्याचा आधारही आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी मुदत ठरलेली असली तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत. त्यासाठी गटाची उद्यम नोंदणी करून घ्यावी.

एवढे लिहूनही जो व्यापारी कोणतीच अट न घेता केवळ दरच खाली ओढतो, त्याला ३८० चा दर पुन्हा कळवून पत्रव्यवहार तेथेच थांबवावा. ३४० ला ५०० जोड घडवण्यात कारागिरांचे दिवस अडकतात आणि योग्य दर देणारा ग्राहक आला, तर त्याला द्यायला माल उरत नाही.