भिंत आंधळी नसते

भिंतीला दिसत नाही, हे सांगायला कोणी लागत नाही. पण म्हणून भिंतीला आपण आंधळी म्हणत नाही. ज्याला दिसू शकले असते आणि दिसत नाही, तो आंधळा. भिंत डोळसही नाही आणि आंधळीही नाही; ती जोडीच तिच्या कामाची नाही. ‘नाही’ या शब्दाचे असे दोन वेगळे उपयोग होतात. एकात असायला हवे ते नसल्याची नोंद असते, दुसऱ्यात तो प्रश्नच येथे विचारता येत नाही असे सांगितलेले असते. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्री आणि वैद्य मोशे बेन मैमून यांनी ईश्वराविषयी कसे बोलावे याचा विचार करताना न पाहणाऱ्या भिंतीचाच दाखला दिला आहे. युरोपात ते मायमोनिडीस या नावाने ओळखले जातात. स्पेनमधील कोर्दोबात जन्मलेला हा माणूस 1204 साली इजिप्तमध्ये वारला. गोंधळात पडलेल्यांना वाट दाखवण्यासाठी त्यांनी जो मोठा अरबी ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्या भागात नकाराचा हा विचार आहे. ईश्वराबद्दल ‘तो असा नाही’ एवढेच म्हणण्याच्या मार्गाला आळस किंवा भाबडे गूढ समजणाऱ्यांनी ही प्रकरणे जरूर वाचावीत.

मायमोनिडीसांची अडचण अशी. ईश्वर एक आहे, म्हणजे त्याला भाग नाहीत. आता ‘ईश्वर ज्ञानी आहे, समर्थ आहे, दयाळू आहे’ असे म्हटले, की आपण नकळत एक ईश्वर आणि त्याला चिकटलेले तीन गुण अशी चार गोष्टींची मोट बांधतो. तोंडाने एक म्हणायचे आणि मनात अनेक धरायचे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून एखाद्याचे वर्णन किती प्रकारांनी करता येते, हे त्यांनी तपासले. व्याख्येने, व्याख्येच्या एखाद्या अंशाने, गुणाने, दुसऱ्याशी असलेल्या नात्याने आणि कृतीने, असे पाच प्रकार त्यांनी मांडले. ईश्वराच्या बाबतीत त्यांतला फक्त शेवटचा टिकतो. हा दरवाजा अमक्याने केला, असे म्हटल्याने त्या माणसाच्या स्वरूपात काही भर पडत नाही. शिवाय एका कर्त्याच्या कृती अनेक असल्या, तरी त्याच्यात तितक्याच शक्ती मानाव्या लागत नाहीत. विस्तव एका वस्तूला वितळवतो, दुसरीला घट्ट करतो, काही शिजवतो, काही जाळतो, एखादी वस्तू पांढरी करतो, एखादी काळी. विस्तव म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यात सहा शक्ती आहेत असे वाटेल. प्रत्यक्षात उष्णता एकच असते. जगात दया दिसते, शासन दिसते, त्यावरून कर्त्याच्या ठायी दया नावाचा एक आणि क्रोध नावाचा दुसरा विकार आहे असे मानणे ही तीच चूक आहे.

मग ‘ईश्वर ज्ञानी आहे’ या वाक्याचे काय करायचे? मायमोनिडीस म्हणतात, ते ‘ईश्वर अज्ञानी नाही’ असे वाचा. येथे चटकन वाटते की ही शब्दांची अदलाबदल आहे. अज्ञानी नाही म्हणजे ज्ञानीच की! आणि येथेच भिंत उपयोगी पडते. ‘भिंत आंधळी नाही’ यावरून ‘भिंत डोळस आहे’ असे निघत नाही. तसेच ‘अज्ञानी नाही’ या नकाराने ईश्वराला आपल्या ज्ञानी माणसांच्या रांगेत आणून बसवलेले नाही; शिकून, चुकून, आठवून मिळणारे जे ज्ञान आपल्याला ठाऊक आहे, त्याची उणीवही तेथे नाही आणि प्राप्तीही नाही. मराठी वाचकाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात सत्, चित् आणि आनंद या तीन पदांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ही पदे ब्रह्माला गुण लावत नाहीत, तर असत्, जड आणि दुःख यांना बाजूला सारतात, असा त्यातला विचार आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि दोघांचे शेवटचे मुक्कामही वेगळे आहेत. पण होकारार्थी दिसणाऱ्या शब्दाचे काम नकाराचे असू शकते, हे दोघांनाही दिसले होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. नुसते ‘नाही, नाही’ म्हणून कळते काय? मायमोनिडीस उत्तरादाखल जहाजाचे उदाहरण देतात. जहाज नावाचे काही आहे एवढेच एकाला ठाऊक आहे. एकाला कळते की तो प्राणी नाही, दुसऱ्याला कळते की ती वनस्पती नाही, पुढच्याला कळते की ते चेंडूसारखे गोल नाही, आतून भरीव नाही. असे करत करत दहावा माणूस जहाजाच्या कल्पनेजवळ येऊन पोचतो. उदाहरण सुंदर आहे, पण मला ते लंगडे वाटते. वस्तूंच्या यादीतून एकेक गाळत गेल्यावर जहाज उरते, कारण जहाज त्या यादीत आधीपासून आहे. ईश्वर यादीतच नाही, हाच तर मायमोनिडीसांचा मूळ सिद्धांत! तेव्हा गाळून गाळून तो हाती येईल, ही आशा त्यांनाच धरता येणार नाही. तरीही त्यांच्या म्हणण्यात एक पक्का भाग आहे. नकार नुसता उच्चारायचा नाही, तो सिद्ध करायचा आहे. ईश्वर शरीरधारी नाही असे ऐकून म्हणणारा आणि शरीर म्हणजे काय, ते ईश्वराला का लागू होत नाही, हे शिकून म्हणणारा यांचे वाक्य एकच असले तरी समज एक नसते. येथे वाढते ते जाणणाऱ्याचे शहाणपण. ईश्वराच्या वर्णनात एका अक्षराचीही भर पडत नाही.

दुसरा आक्षेप थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मशास्त्र्याचा, आणि तो अधिक खोल आहे. अक्वायनस 1274 साली वारला. मायमोनिडीसांना तो आदराने रब्बी मोशे म्हणतो. त्याचा प्रश्न असा: ‘ईश्वर चांगला आहे’ याचा अर्थ चांगुलपणाचे कारण तो आहे एवढाच असेल, तर शरीरांचेही कारण तोच आहे, मग ‘ईश्वर शरीर आहे’ असे का म्हणू नये? आणि ‘ईश्वर जिवंत आहे’ म्हणताना प्रार्थना करणाऱ्याच्या मनात ‘तो निर्जीव वस्तूंसारखा नाही’ एवढाच अर्थ असतो का? दुसरा मुद्दा खरा आहे. भक्ताला निश्चितच अधिक काही म्हणायचे असते. पहिल्या मुद्द्याला मात्र मायमोनिडीसांकडे उत्तर आहे. धर्मग्रंथ ईश्वर पाहतो, ऐकतो असे म्हणतात. तो चव घेतो, स्पर्श करतो असे म्हणत नाहीत. तसे पाहिले तर पाचही इंद्रिये शरीराचीच. पण पाहणे-ऐकणे लोकांना मोठेपणाचे वाटते, चाखणे-चाचपणे कमीपणाचे. शब्दांची निवड आपल्या समजुतीवरून झाली आहे, तेव्हा तिच्यावरून कळते ते आपल्याविषयी. अक्वायनसचा स्वतःचा तोडगा असा, की चांगुलपणा ईश्वराला खरोखर लागू होतो, फक्त आपली सांगण्याची रीत लागू होत नाही. म्हणजे नकार त्यालाही सुटलेला नाही, त्याने तो वस्तूवरून रीतीवर सरकवला. पण सांगण्याची आपली सगळी रीत वजा केल्यावर ‘चांगला’ या शब्दात काय शिल्लक राहते, हे तो पुरेसे दाखवत नाही, असे मला वाटते.

मग प्रार्थनेचे काय? मायमोनिडीसांनी या ठिकाणी तालमूदमधील एक कथा घेतली आहे. रब्बी हनिना यांच्यासमोर एक जण प्रार्थना म्हणत असताना ठरलेल्या विशेषणांपुढे आणखी विशेषणे जोडत गेला. त्याचे संपल्यावर हनिनांनी विचारले, झाली का तुझी सगळी स्तुती सांगून? ठरलेले तीन शब्दसुद्धा प्रेषित मोशेने धर्मशास्त्रात उच्चारले आणि पूर्वजांनी प्रार्थनेत घातले, म्हणून आम्ही म्हणतो. एरवी आमची तेवढीही छाती झाली नसती. आणि मग त्यांनी राजाची उपमा दिली: त्याच्याजवळ लक्षावधी सोन्याची नाणी, आणि लोक त्याला चांदीच्या नाण्यांचा धनी म्हणून वाखाणतात. मायमोनिडीस या उपमेपाशी थांबतात आणि एक बारीक गोष्ट दाखवतात. राजाजवळ लाखो सोन्याची नाणी असताना लोक शंभर सोन्याच्या नाण्यांबद्दल त्याला वाखाणतात, असे हनिना म्हणाले नाहीत. तसे असते तर नाणे तेच राहिले असते आणि फक्त मोजणी कमी पडली असती. त्यांनी चांदी म्हटले, आणि त्या राजाच्या खजिन्यात चांदीचे नाणे एकही नव्हते.