चोवीस मिनिटांचा गृहपाठ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सीताबर्डी येथे दिलेले भाषण)



प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचा गृहपाठ हा आजचा माझा विषय आहे. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरात संध्याकाळी काय घडते हे मी वर्णन करून सांगावे असे नाही. म्हणून एका प्रश्नापासूनच प्रारंभ करतो. तिसरीतल्या मुलाला घरी अभ्यास किती असावा?

याचे एक अधिकृत उत्तर उपलब्ध आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 2020 साली शाळेच्या दप्तराविषयी धोरण प्रसिद्ध केले. त्यात गृहपाठाचीही मर्यादा घातली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यातून फार तर दोन तास, असे ते धोरण सांगते. दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटे. ती पाच दिवसांत वाटली, तर रोजची चोवीस मिनिटे होतात. अमेरिकेतील हॅरिस कूपर या संशोधकाने गृहपाठावरील अनेक अभ्यासांचा आढावा 2006 साली प्रसिद्ध केला. त्यातही असेच दिसले की, वरच्या वर्गांत गृहपाठाचा आणि गुणांचा संबंध स्पष्ट दिसतो, परंतु खालच्या वर्गांत तो फार क्षीण असतो. तेव्हा लहान मुलाला दीड तास बसवून दीड तासाचे फळ मिळते, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

आपण म्हणाल, चोवीस मिनिटे कागदावर ठीक आहेत. आमच्या घरी तर दीड तास जातो. तो कोठे जातो, हेच पाहू. उदाहरणादाखल एक घर घ्या. वडिलांचे बर्डीवर दुकान आहे, आई घरी शिवणकाम करते आणि मुलगा तिसरीत आहे. वडील दुकान वाढवून आले की साडेआठला अभ्यास सुरू होतो आणि दहाला संपतो. या घराने चार दिवस घड्याळ समोर ठेवून टिपण केले, तर हिशोब साधारण असा निघेल. हाका मारून मुलाला बसवण्यात पंचवीस मिनिटे. वही, पेन्सिल शोधण्यात आणि आज काय दिले आहे ते इतर पालकांना विचारण्यात पंधरा मिनिटे. अक्षर वाईट आले म्हणून खोडून पुन्हा लिहिण्यात आणि त्यावरून होणाऱ्या वादात वीस मिनिटे. प्रत्यक्ष अभ्यास उरला तीस मिनिटांचा. याचा अर्थ शाळेने दिलेले काम मर्यादेच्या फारसे बाहेर नाही. बाकीचा एक तास घराने जोडलेला आहे. असे टिपण प्रत्येकाने प्रथम करावे, कारण त्यावाचून कोणता उपाय करावयाचा ते कळत नाही.

आता उपाय एकेक घेऊ. पहिली पंचवीस मिनिटे वाचतात ती वेळ बदलल्याने. रात्री साडेआठला मूल पेंगुळलेले असते आणि वडीलही थकलेले असतात. शाळा पाच वाजता सुटत असेल, तर मुलाने घरी येऊन खावे, मनसोक्त खेळावे आणि सात वाजता हातपाय धुऊन बसावे. वडिलांची वाट पाहू नये. पुष्कळ घरांत दिवेलागणीला अभ्यासाला बसण्याची रीत आहे. परंतु नागपुरात डिसेंबरमध्ये पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो आणि मग खेळच बुडतो. म्हणून सातच धरावेत, आणि रोज तेच धरावेत. हात धुतले की पाट मांडायचा, हा क्रम दोनतीन आठवडे न चुकता पाळला, की हाका मारण्याचे कारण उरत नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांहून उशिरा, जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात. तेव्हाचे पहिले दोन आठवडे गृहपाठ थोडा असतो. ही घडी बसवण्यास तोच काळ उत्तम.

पुढची पंधरा मिनिटे वाचतात ती एका डब्याने. दोन टोकदार पेन्सिली, खोडरबर, पट्टी आणि टोकयंत्र हे अभ्यासाच्याच जागी एका डब्यात राहावे. दप्तरात जाऊ नये. काय दिले आहे ते मुलाने शाळेतच डायरीत लिहून आणावे. लिहून आणले नाही, तर त्या दिवशी इतरांकडे विचारणा करू नये. पाठ्यपुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी बाईंना मुलानेच सांगावे. आई दरवेळी विचारून देते, तोवर डायरी रिकामीच राहील.

वादाची वीस मिनिटे मात्र केवळ सोयीने वाचत नाहीत. तेथे आपणच मागे सरावे लागते. आईने शेजारी बसावे, पण आपले शिवण घेऊन. वहीवर नजर ठेवून बसू नये. अक्षर वाचता येत असेल, तर खोडू नये. आणि चूक दिसली, तर ती दुरुस्त करण्याआधी तिच्याकडे नीट पाहावे. समजा, मुलाने 34 गुणिले 6 याचे उत्तर 1824 लिहिले. हा निष्काळजीपणा नव्हे. त्याने सहा चोक चोवीस लिहिले आणि त्यापुढे सहा त्रिक अठरा लिहिले. पाढे त्याला येतात. हातचा कशासाठी घ्यावयाचा, हे समजलेले नाही. अशा वेळी दहा गणिते करवली, तर तीच चूक दहा वेळा गिरवली जाते. आगपेटीच्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधून चोवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या हे एकदा दाखवावे. अठरा गठ्ठ्यांत ते दोन मिळवले की वीस होतात आणि उत्तर 204 येते. एवढ्यानेही उमगले नाही, तर चूक तशीच वहीत राहू द्यावी. आपण बरोबर उत्तर लिहून दिले, तर वर्गात शिकवलेले मुलाला कळले नाही, ही गोष्ट शिक्षकांना कधीच कळणार नाही.

क्रमही ठरलेला असावा. लेखन आणि गणित आधी, कारण त्यांत हात आणि मन लवकर थकते. वाचन आणि पाढे मागून. सात वाजून चोवीस मिनिटांनी थांबावे. काम उरले, तर जेथे थांबले तेथे पेन्सिलीने रेघ मारून ‘एवढ्यास चोवीस मिनिटे लागली’ असे आईने लिहून सही करावी. मुलाने मुद्दाम वेळ काढला असेल, तर तो जाब त्याला वर्गात द्यावा लागेल. घरी रात्र वाढवू नये. उलट काम पंधरा मिनिटांत संपले, तर उरलेल्या वेळात नवे काम देऊ नये. लवकर संपवल्यास आणखी मिळते, हे एकदा कळले की मूल रेंगाळू लागते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. केंद्राचे धोरण मार्गदर्शक आहे. प्रत्येक शाळा ते पाळतेच असे नाही. दोन आठवडे रोज रेघ मारावी लागली, तर त्या वह्या घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. तारखा आणि मिनिटे समोर असली की बोलणे तक्रारीचे राहत नाही. शिकवणीचाही गृहपाठ असेल, तर तो याच चोवीस मिनिटांत धरावा. आणि एक खूण विशेष लक्षात ठेवावी. तोंडी सारे चटचट सांगणारे मूल वाचताना किंवा फळ्यावरून उतरवून घेताना सतत अडखळत असेल, तर तो आळस समजू नये. प्रथम डोळे तपासून घ्यावेत. ते ठीक असतील, तर वाचनाच्या अडचणीविषयी शिक्षकांशी आणि तज्ज्ञांशी बोलावे. तेथे वेळापत्रकाचा उपयोग नाही.

मंडळातील कुटुंबांनी या सोमवारपासून केवळ चार दिवसांचे टिपण करावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.